लॉस १.४९ वर अडकलाय, पण अचूकता ९७ टक्के. हे कसं काय?

कोरापाटी

नमस्कार मंडळी. हाताने लिहिलेले अंक ओळखणारा क्लासिफायर पहिल्यांदाच स्वतः लिहिला आहे. चित्रं एमनिस्टची, शिकवायला ६०,००० आणि तपासायला १०,०००. मधे एक थर, शेवटी दहा अंकांसाठी दहा आकडे, आणि लॉस म्हणून क्रॉस-एंट्रॉपी.

दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. पहिली: सगळं पुसून तीन वेळा नव्याने सुरू केलं, तरी लॉस दर वेळी २.३० च्या आसपासच सुरू होतो. सुरुवातीची वेट्स तर रँडम असतात, मग हाच आकडा का? दुसरी जास्त छळतेय. लॉस उतरत उतरत १.४९ वर येतो आणि तिथेच बसतो. वीस एपॉक झाले, म्हणजे सगळी चित्रं वीस वेळा दाखवून झाली, हलत नाही. पण तपासणीच्या चित्रांवर शंभरातली ९७ उत्तरं बरोबर येतात! लॉस इतका मोठा आणि निकाल इतका चांगला, हे एकत्र कसं?

खरं सांगायचं तर लॉसचं सूत्र मी लिहू शकतो, पण तो आकडा नेमकं काय मोजतो हे मला सांगता येणार नाही. तेही कोणी समजावलं तर फार बरं होईल.

तळटीप

यात घाबरण्यासारखं काही नाही. क्रॉस-एंट्रॉपी कधीच डेटाच्या एंट्रॉपीखाली जात नाही, तो तिचा तळ असतो. काही लोक ४ आणि ९ असे काढतात की माणसालाही सांगता येत नाही. त्या संदिग्धतेमुळे तळ शून्यावर नसतो, वर असतो. तुमच्या डेटाचा तळ १.४९ असणार. मॉडेल तिथे पोचलंय, आता अजून शिकवून उपयोग नाही.

उष्मांक

मी भौतिकशास्त्र शिकवायचो, त्यामुळे शीर्षक न वाचता फक्त एंट्रॉपी शब्द बघून आलो. आमच्याकडे एंट्रॉपी म्हणजे व्यवस्थेतली अव्यवस्था, आणि ती बंदिस्त व्यवस्थेत आपोआप कमी होत नाही. मग इथे लॉस कमी करायचा म्हणजे अव्यवस्था कमी करायची, असंच ना? मॉडेलमधली वेट्स सुरुवातीला विस्कळीत असतात आणि शिकताना ती शिस्तीत येतात, असा अर्थ मी लावला.

दशांशचिन्ह

उष्मांक सर, सूत्राचं रूप तेच आहे आणि नातं खरं आहे, पण इथे वेट्सच्या शिस्तीशी संबंध नाही. शॅननने १९४८ साली संदेशांविषयीच्या लेखात ही कल्पना मांडली, तेव्हा त्याचा प्रश्न वेगळा होता: पुढे काय येणार हे ऐकणाऱ्याला किती कमी माहीत आहे? अव्यवस्था हा शब्द बाजूला ठेवून 'आश्चर्य' हा शब्द घेतला तर या धाग्यातलं सगळं सुटतं. तिथूनच सुरू करतो.

समजा एखादी गोष्ट घडणार याची तुम्ही ९९ टक्के खात्री धरली होती आणि ती घडली. तुम्हाला काही वाटणार नाही, नवीन काही कळलंही नाही. पण जिची शक्यता तुम्ही हजारात एक धरली होती ती घडली, तर तुम्ही दचकाल. तेवढीच माहितीही मिळाली. हे दचकणं आकड्यात मांडायचं तर जी संभाव्यता `p` धरली होती तिचा लॉग घेऊन चिन्ह उलटं करायचं: `-ln p`. खात्री पूर्ण असेल तर आश्चर्य शून्य. ९० टक्के धरली असेल तर ०.१०५. निम्मी असेल तर ०.६९३. दहात एक असेल तर २.३०३.

कोरापाटी, शेवटचा आकडा परत वाचा. न शिकलेल्या मॉडेलला दहा अंकांपैकी कोणताच जवळचा नसतो, ते प्रत्येकाला साधारण एक दशांश देतं. मग चित्र कोणतंही असो, खरं उत्तर दाखवलं की त्याचं आश्चर्य `ln 10`, म्हणजे २.३०. वेट्स रँडम असली तरी अज्ञान दर वेळी सारखंच असतं, म्हणून आकडाही सारखाच येतो. हा आकडा मी नेहमी आधी बघतो. दहा वर्गांचं मॉडेल सुरुवातीलाच ५ किंवा ८ दाखवत असेल तर ते काही न शिकताच कशाची तरी ठाम खात्री बाळगून बसलंय, आणि सुरुवातीची वेट्स तपासायला हवीत.

तळटीप यांनी तळाबद्दल जे म्हटलं ते तत्त्वतः बरोबर आहे. पण १.४९ हा तुमचा तळ नाही. त्याकडे नंतर येतो.

कोरापाटी

२.३० चं कोडं एका झटक्यात सुटलं, मनापासून आभार. पण मग एंट्रॉपी आणि क्रॉस-एंट्रॉपी यांत फरक काय? दोन्हीकडे लॉगच दिसतो.

दशांशचिन्ह

फरक एवढाच की सरासरी कोणाच्या जगात काढायची आणि आश्चर्य कोणाच्या समजुतीने मोजायचं.

एक खेळ घ्या. मी मनात क, ख, ग, घ यांपैकी एक अक्षर धरतो आणि तुम्ही फक्त हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारता. माझी सवय अशी की निम्म्या वेळा मी क धरतो, पाव वेळा ख, आणि ग व घ प्रत्येकी आठात एकदा. ही सवय तुम्हाला माहीत असेल तर तुम्ही आधी विचाराल, 'क आहे का?' नसेल तर 'ख आहे का?' आणि मग 'ग आहे का?' क एका प्रश्नात सापडेल, ख दोन, ग आणि घ तीन प्रश्नांत. बरेच डाव खेळलात तर सरासरी १.७५ प्रश्न लागतील. याहून कमी कोणत्याही युक्तीने होत नाही. ही माझ्या सवयीची एंट्रॉपी, बिटमध्ये. इथे लॉग २ च्या पायाचा आहे. तुमचा प्रोग्राम `ln` वापरतो म्हणून त्याचे आकडे ०.६९३ पट दिसतात, बाकी काही बदलत नाही.

आता दुसरा एक जण खेळायला येतो. त्याला कोणीतरी उलटं सांगितलंय की मी बहुतेक वेळा घ धरतो, त्याखालोखाल ग. तो आधी घ विचारतो, मग ग, आणि शेवटी क की ख. त्याला क शोधायला तीन प्रश्न लागतात, आणि क तर मी निम्म्या वेळा धरतो. त्याची सरासरी २.६२५. अक्षरं मी माझ्याच सवयीने धरतोय, पण प्रश्न त्याच्या समजुतीने विचारले जातायत. ही क्रॉस-एंट्रॉपी. १.७५ टळणारे नव्हतेच. वरचे ०.८७५ प्रश्न हा निव्वळ चुकीच्या समजुतीचा भुर्दंड आहे.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळी वाटते. ज्याला माझ्या सवयीची काहीच कल्पना नाही तो 'क किंवा ख आहे का?' असं अर्धं-अर्धं करत दोन प्रश्नांत काम उरकतो. म्हणजे चुकीचं ठामपणे मानणारा काहीच न मानणाऱ्यापेक्षाही मागे पडला.

क्लासिफायरमध्ये मी म्हणजे डेटा आणि प्रश्न विचारणारा म्हणजे मॉडेल. प्रत्येक चित्राचं लेबल एकच आणि पक्कं असल्यामुळे सूत्रातली लांबलचक बेरीज एका पदावर येते: खऱ्या अंकाला मॉडेलने किती संभाव्यता दिली होती, तिचा उणे लॉग. बाकी नऊ पदं शून्याने गुणली जातात. लॉस म्हणजे या आश्चर्यांची सरासरी.

चौकस

खेळाचं उदाहरण छान आहे, पण मला लॉगच का हे पटलेलं नाही. खऱ्या उत्तराला मॉडेलने दिलेली संभाव्यता `q` म्हणू. ती कमी असली की शिक्षा जास्त, एवढंच हवं असेल तर `1 - q` घ्या, साधं सोपं. किंवा मोठी शिक्षा हवी असेल तर `1/q` घ्या. दोन्हींत `q` वाढला की शिक्षा कमी होते. लॉगमध्ये एवढं काय आहे?

दशांशचिन्ह

चौकस, हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याचं उत्तर हिशेब करून दाखवता येतं.

अशी चित्रं घ्या जी दिसायला अगदी सारखी आहेत, पण दहातली नऊ खरोखर ४ आहेत आणि एक ९. या चित्रांसाठी प्रामाणिक उत्तर एकच: '४ असण्याची शक्यता ०.९'. आता मॉडेलला तुमच्या शिक्षा लावू आणि ते काय बोलायला शिकतं ते बघू. मॉडेलला सत्याची आस नसते, त्याला फक्त सरासरी शिक्षा कमी करायची असते.

`1 - q` लावली. मॉडेल ०.९ म्हणालं तर नऊ वेळा ०.१ आणि एकदा ०.९, सरासरी ०.१८. '४ च आहे, शंभर टक्के' म्हणालं तर नऊ वेळा शून्य आणि एकदा १, सरासरी ०.१०. म्हणजे खोटी खात्री दाखवली की शिक्षा कमी. मॉडेल तेच शिकणार.

`1/q` लावली. प्रामाणिक ०.९ ला सरासरी शिक्षा २ येते. पण ०.७५ म्हटलं तर १.६, आणि तीच सगळ्यात कमी आहे. इथे मॉडेल उलट्या दिशेने खोटं बोलतं: माहीत असतं नव्वद टक्के आणि सांगतं पंचाहत्तर, कारण चुकल्यावरचा फटका फार जबर आहे.

लॉग लावला. ०.९ ला ०.३२५. ०.७५ म्हटलं तर ०.३९८, वाढली. पूर्ण १ म्हटलं तर त्या एका ९ साठी शिक्षा अनंत. कुठूनही बघा, सगळ्यात खालचा बिंदू बरोबर ०.९ वर पडतो. वर किंवा खाली, थोडंसुद्धा सरकवून फायदा नाही.

आणि तो ०.३२५ म्हणजेच या चित्रांची एंट्रॉपी. तळटीप म्हणतात तो तळ हाच.

लॉगचं दुसरं कारण असं की दोन स्वतंत्र गोष्टींच्या संभाव्यता गुणल्या जातात, पण दोन्ही बातम्यांचं मिळून आश्चर्य बेरजेने वाढायला हवं. गुणाकाराची बेरीज लॉगच करतो. पण मला स्वतःला आधीचं कारण जास्त भिडतं.

तळटीप

हे चांगलं मांडलंत. पण एक आक्षेप आहे. वर्ग घेऊन मोजलेल्या चुकीलाही, म्हणजे `(1 - q)` चा वर्ग अशा प्रकारच्या शिक्षेलाही, हाच गुण आहे. तिथेही सगळ्यात खालचा बिंदू ०.९ वरच येतो. हवामानाच्या अंदाजांची परीक्षा १९५० पासून ब्रायर स्कोअरने होते, तो याच घराण्यातला. मग प्रामाणिकपणा हे काही फक्त लॉगचं वैशिष्ट्य नाही. क्लासिफायरला तोच का लावत नाहीत?

दशांशचिन्ह

आक्षेप पूर्ण बरोबर आहे. ब्रायरही प्रामाणिक उत्तरालाच सर्वात कमी शिक्षा देतो. फरक कुठे पोचायचं यात नाही, पोचण्याच्या वाटेत आहे.

दोनच वर्ग घ्या, शेवटी कच्च्या आकड्याची ० ते १ मधली संभाव्यता करणारा सिग्मॉइड. खरं उत्तर 'हो' आणि मॉडेल म्हणतंय 'हो ची शक्यता हजारात एक'. म्हणजे चूक, आणि तीही ठाम. अशा वेळी सुधारणेचा धक्का मोठा बसायला हवा. सिग्मॉइडच्या आधी जो कच्चा आकडा असतो, त्याच्यापर्यंत किती धक्का पोचतो ते बघा. `y` म्हणजे खरं उत्तर, इथे १. क्रॉस-एंट्रॉपीत धक्का `q - y`, म्हणजे -०.९९९. चुकीचा वर्ग घेणाऱ्या शिक्षेत त्यालाच `q(1 - q)` ने गुणलं जातं, कारण सिग्मॉइड त्या टोकाला सपाट झालेला असतो. सूत्रात पुढचा २ धरला तरी धक्का -०.००२ च्या आसपास. जिथे मॉडेल सगळ्यात जास्त चुकलंय तिथेच त्याला जवळजवळ काही ऐकू येत नाही. क्रॉस-एंट्रॉपीतला लॉग सिग्मॉइडमधल्या घातांकाला बरोबर खोडतो आणि सपाटपणा नाहीसा होतो. दहा वर्ग आणि त्यांच्या कच्च्या आकड्यांच्या संभाव्यता करणारा सॉफ्टमॅक्स असेल तरी हेच: प्रत्येक आकड्याला मिळणारा धक्का म्हणजे मॉडेलने दिलेली संभाव्यता वजा खरी.

आता १.४९ कडे. तळटीप, तो डेटाचा तळ का नाही ते सांगतो. समजा या मॉडेलचं उत्तर घेऊन मी एक अगदी ढोबळ अंदाज केला: ज्या अंकाला ते निवडतं त्याला ०.९७, आणि उरलेले ०.०३ बाकी नऊ अंकांत सारखे वाटले. मॉडेल ९७ टक्के वेळा बरोबर असतं, म्हणून या ढोबळ अंदाजाचा लॉस ०.२० येतो. तळाखाली तर कोणी जाऊ शकत नाही, म्हणजे तळ ०.२० किंवा त्याखाली आहे. तुमचं मॉडेल १.४९ वर अडकलंय म्हणजे उत्तर माहीत असूनही त्याला ते खात्रीने बोलता येत नाहीये. कोणीतरी तोंड दाबलंय. शेवटच्या थराचा कोड टाकाल का?

तळटीप

०.२० चा हिशेब करून पाहिला, बरोबर आहे. १.४९ हा तळ आहे हे माझं विधान मागे घेतो.

कोरापाटी

शेवटचा भाग हा:

```python
def forward(self, x):
    x = F.relu(self.fc1(x))
    return F.softmax(self.fc2(x), dim=1)

loss = nn.CrossEntropyLoss()(model(images), labels)
```

सॉफ्टमॅक्स लावल्याशिवाय संभाव्यता मिळणार नाही म्हणून लावला.

चौकस

सापडलं! `nn.CrossEntropyLoss` आत स्वतःच सॉफ्टमॅक्स लावतो. त्याला कच्चे आकडे हवे असतात. तुमच्याकडे तो दोनदा लागतोय.

दशांशचिन्ह

हेच. आणि यातून १.४९ अगदी तिसऱ्या दशांशापर्यंत निघतो, म्हणून पूर्ण करतो.

पहिल्या सॉफ्टमॅक्समधून बाहेर पडणारे दहा आकडे ० ते १ मधलेच असतात. मॉडेलची खात्री पूर्ण असेल तर खऱ्या अंकाला १ आणि बाकी नवांना ०. दुसरा सॉफ्टमॅक्स यांनाच कच्चे आकडे समजतो. `e` च्या घातांकात टाकले की खऱ्याचा २.७१८ आणि बाकी प्रत्येकाचा १. खऱ्या अंकाचा वाटा २.७१८ भागिले ११.७१८, म्हणजे ०.२३२. तुमच्या मॉडेलला कितीही खात्री असली तरी लॉसच्या कानावर २३ टक्क्यांच्या वर काही पडूच शकत नाही. ०.२३२ चा उणे लॉग १.४६१.

हे झालं बरोबर उत्तरांचं. जिथे मॉडेल पूर्ण खात्रीने चुकतं तिथे तो १ भलत्या अंकाकडे जातो, खऱ्याला उरतो ० आणि त्याचा वाटा १ भागिले ११.७१८. लॉस २.४६१, बरोबर एक ने जास्त. शंभरात ९७ बरोबर आणि ३ चूक, तर सरासरी १.४६१ अधिक ०.०३. म्हणजे १.४९१.

अचूकता का टिकली? सॉफ्टमॅक्स कितीदाही लावला तरी सगळ्यात मोठा आकडा मोठाच राहतो, क्रम बदलत नाही. आणि सुरुवातीला सगळे आकडे सारखे असताना दोनदा लावूनही वाटे एक दशांशच राहतात, म्हणून २.३० ठीक दिसला. प्रोग्राम कुठेही अडत नाही, सूचना देत नाही, म्हणून ही चूक पटकन दिसत नाही. दहा वर्ग आणि लॉस १.४६ च्या जरा वर चिकटलेला, ही तिची खूण.

शिवाय आधी सांगितलेला सपाटपणा इथे मागच्या दाराने परत आलाय. आतला सॉफ्टमॅक्स एकदा टोकाला गेला की बाहेरच्या लॉसमधला लॉग त्याला खोडू शकत नाही. ठाम चुकांवर तुमचं मॉडेल जवळपास शिकतच नव्हतं.

रात्रपाळी

माझा प्रश्न याच्या उलट आहे, इथेच विचारतो. यंत्र बिघडणार की नाही हे सेन्सरच्या नोंदींवरून ओळखायचं आहे. शंभर नोंदींत एक बिघाडाची. माझा लॉस पहिल्याच एपॉकला ०.०६ वर आला! वर तुम्ही २.३० आणि ०.२० चे हिशेब करताय, त्या मानाने माझं मॉडेल फारच चांगलं शिकलं म्हणायचं ना?

दशांशचिन्ह

रात्रपाळी, तुमच्या आकड्याची तुलना कोरापाटींच्या आकड्याशी करता येणार नाही. त्यांच्या खेळात दहा सारखी अक्षरं आहेत. तुमच्या खेळात जवळजवळ नेहमी एकच उत्तर येतं, त्यामुळे आश्चर्याला जागाच कमी.

एक भिंत कल्पा, जी प्रत्येक नोंदीला 'बिघाड ०.०१' एवढंच म्हणते. सेन्सरकडे बघतही नाही. ९९ नोंदींना तिचं आश्चर्य ०.०१००५, एका नोंदीला ४.६०५. सरासरी ०.०५६. तुमचा ०.०६ म्हणजे भिंतीइतकाच. हा भिंतीचा आकडा, म्हणजे वर्गांच्या प्रमाणाची एंट्रॉपी, आधी काढून कागदावर लिहून ठेवा. मॉडेल त्याच्या जितकं खाली जाईल तेवढंच ते सेन्सरकडून शिकलं.

रात्रपाळी

आत्ता तपासलं. तपासणीच्या नोंदींवर लॉस ०.०५८ आहे आणि एकही बिघाड पकडलेला नाही. प्रत्येक नोंदीला ०.०१ च्या आगेमागेच आकडा देतंय. म्हणजे भिंतच. दोन आठवडे मी अचूकता ९९ टक्के बघून खूश होतो.

बिघाडाच्या नोंदींना ९९ पट वजन दिलं तर?

तळटीप

द्या. दुर्मीळ वर्गासाठी तोच मार्ग आहे. मी नेहमी तसंच करतो.

दशांशचिन्ह

माझं मत जरा वेगळं आहे. ९९ पट वजन दिलंत की मॉडेल अशा जगासाठी शिकतं जिथे निम्मी यंत्रं बिघडतात. भिंतसुद्धा मग ०.०१ ऐवजी ०.५ म्हणायला लागेल. त्याने शिकण्याला चालना मिळू शकते, हे मान्य. पण बाहेर येणारा आकडा बिघाडाची खरी शक्यता राहत नाही, आणि त्यावरून कोणी दुरुस्तीचा खर्च ठरवणार असेल तर तो हिशेब चुकेल. मी आधी वजनाशिवाय भिंतीखाली जाता येतं का ते बघेन आणि ज्याच्या वर 'बिघाड' म्हणायचं ती ०.५ ची उंबरठ्याची रेघ खाली आणेन. ०.०१ च्या जगात ०.२ म्हणणं हीसुद्धा मोठी बातमी आहे.

तळटीप

आकडा नंतर परत जुळवून घेता येतो, मूळ प्रमाण माहीत असतं. माझ्या अनुभवात इतक्या कमी नोंदी असतील तर वजनाशिवाय मॉडेल जागचं हलत नाही. यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही.

रात्रपाळी

दोन्ही करून बघतो. वजनाच्या मॉडेलचा आकडा परत जुळवूनच भिंतीशी तुलना करेन.

कोरापाटी

सॉफ्टमॅक्सची ओळ काढली. पहिल्याच एपॉकला लॉस ०.३ खाली गेला! आश्चर्याने मोजायचं तर मला खूप माहिती मिळाली.

पण आता नवीन गोष्ट दिसतेय. तपासणीच्या चित्रांवरचा लॉस नवव्या एपॉकला ०.०८ होता, तिथून तो वाढत वाढत तिसाव्याला ०.११ झाला. अचूकता मात्र ९७.५ वरून ९८ झाली. लॉस वाढतो आणि उत्तरंही सुधारतात, हे पुन्हा माझ्या डोक्यावरून गेलं. या वेळी सॉफ्टमॅक्स एकदाच आहे, दोनदा पाहिलं.

चौकस

आता मी प्रयत्न करतो. वरच्या पद्धतीनेच एक ढोबळ हिशेब केला. एक मॉडेल शंभरात ९० वेळा बरोबर, तेव्हा खऱ्या उत्तराला ०.८ देतं, आणि चुकतं तेव्हा ०.१ देतं. लॉस ०.४३१. दुसरं मॉडेल ९२ वेळा बरोबर, तेव्हा ०.९९ देतं, पण चुकतं तेव्हा खऱ्या उत्तराला फक्त ०.००१. लॉस ०.५६२. दोन उत्तरं जास्त बरोबर आणि तरी लॉस मोठा, कारण उरलेल्या आठ चुका प्रत्येकी ६.९ चं आश्चर्य घेऊन येतात. तुमचं मॉडेल शिकवणीची चित्रं पाठ झाल्यावर सगळीकडेच ठाम बोलायला लागलंय. वरच्या खेळात उलटं ठामपणे मानणारा जो गडी होता, त्याच्यासारखं काही मोजक्या चित्रांवर.

दशांशचिन्ह

अगदी बरोबर निदान. खात्री करायची असेल तर तपासणीतली सगळ्यात मोठ्या लॉसची पन्नास चित्रं काढून बघा. बहुतेक लॉस तेवढ्यातच साठलेला सापडेल. आणि ती चित्रं डोळ्यांनी बघा, काहींचं लेबलच शंकास्पद वाटेल.

कोरापाटी

मग कोणतं मॉडेल ठेवू? नववं की तिसावं?

तळटीप

फक्त अंक सांगायचा असेल तर तिसावं. जास्त बरोबर ते चांगलं.

दशांशचिन्ह

त्या अंकासोबत 'किती खात्री' हेही पुढे कोणी वापरणार असेल, उदाहरणार्थ कमी खात्रीची चित्रं माणसाकडे पाठवायची असतील, तर मी नववं ठेवेन. किंवा तिसाव्याचे कच्चे आकडे सॉफ्टमॅक्सच्या आधी एकाच संख्येने भागून त्याची खात्री उतरवता येते. ती संख्या वेगळ्या राखून ठेवलेल्या चित्रांवर लॉस सगळ्यात कमी करणारी निवडायची. सगळे आकडे एकाच संख्येने भागल्याने उत्तर एकही बदलत नाही.

कोरापाटी

पन्नास चित्रं काढली. एकूण लॉसचा अर्ध्याहून जास्त भाग त्यांच्यातच आहे. एका चित्रावर मॉडेलने ७ ला ०.९९९८ दिलेत आणि लेबल २ आहे. मी ते चित्र बराच वेळ बघतोय आणि मलाही ७ च दिसतोय.